डोकेदुखीचे क्रियापद

मराठीत डोके फक्त दुखत नाही. ते चढते, धरते, ठणकते, जड होते, भणभणते. ऊन लागले की डोके उठते, जागरण झाले की चढते, उपवास घडला की पित्ताने गरगरते. अर्ध्या डोक्यापुरत्या वेदनेला आपल्याकडे 'अर्धशिशी' असा स्वतंत्र शब्द आहे आणि तो इतका जुना व घरगुती आहे की त्यात एखाद्या त्रासदायक पण ओळखीच्या नातेवाइकाचा भास होतो. भाषेचे अध्यापन करणाऱ्या कुणालाही या क्रियापदांची एक गंमत सहज लक्षात येईल. ती बहुतेक सगळी संथ आहेत. 'चढणे' या क्रियेला पायऱ्या असतात, 'धरणे' याला हळूहळू आवळली जाणारी मूठ असते. सकाळी जरा जड वाटणारे डोके दुपारी ठणकू लागते आणि संध्याकाळी माणूस अंधार करून पडतो, असा तो क्रम. आपले घरगुती उपचारही याच क्रमाला बेतलेले आहेत. सुंठ उगाळून कपाळावर लेप द्यायचा, फडके घट्ट बांधायचे, बाम चोळायचा, आल्याचा चहा घ्यायचा आणि वाट पाहायची. चढलेले कधीतरी उतरते, हा त्यामागचा अनुभव आहे आणि तो बहुतांश वेळा खराही ठरतो.

ज्या एका डोकेदुखीबद्दल लिहायचे आहे तिला मात्र आपल्याकडे क्रियापद नाही. ती चढत नाही, कोसळते. इंग्रजी वैद्यकात तिला 'थंडरक्लॅप हेडेक' म्हणतात. 'लॅन्सेट' या नियतकालिकात 1986 साली हा शब्दप्रयोग आला आणि रूढ झाला. थंडरक्लॅप म्हणजे विजेचा कडकडाट. या नामकरणात वेदनेच्या तीव्रतेपेक्षा तिच्या गतीचा विचार अधिक आहे, आणि मला तेच महत्त्वाचे वाटते. व्याख्या साधी आहे: शून्यापासून शिखरापर्यंत एका मिनिटाच्या आत पोहोचणारी तीव्र डोकेदुखी. अर्धशिशीची कळही भयंकर असू शकते, पण शिखर गाठायला तिला बहुधा अर्धा तास, तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे दोन वेदनांमधला फरक विशेषणात नाही, काळात आहे. 'किती दुखते?' या प्रश्नाचे उत्तर फसवे असते, कारण सोसणारा आणि सांगणारा प्रत्येक माणूस वेगळा. 'दुखायला लागल्यापासून पार असह्य होईपर्यंत किती वेळ गेला?' या प्रश्नाचे उत्तर तितके फसवे नसते.

माझ्या एका मावशीची हकीकत आमच्या घरात अनेकदा सांगितली गेली आहे. साल 1989, साताऱ्याकडचे एक गाव. मावशी तेव्हा चाळिशीची होती. विहिरीवरून भरलेली कळशी उचलताना तिच्या मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला 'कुणीतरी फळी मारावी' तशी कळ आली. तिने चक्क मागे वळून पाहिले होते, असे ती स्वतःच नंतर सांगत होती. मग दोन उलट्या झाल्या. उलटी झाली म्हटल्यावर निदान घरातच झाले: पित्त. सासूबाईंनी सुंठेचा लेप दिला, आमसुलाचे पाणी दिले, ओढाळ उन्हात बिनडोक्याच्या पदराने गेलीस म्हणून रागावल्याही. दिवेलागणीपर्यंत तिला पुष्कळ बरे वाटले. दोन दिवस मान अवघडल्यासारखी होती, तीही तेलाने चोळून सुटली. नवव्या दिवशी पहाटे ती अंगणात कोसळली आणि तालुक्याच्या गावी नेईपर्यंत गेली.

तिचे निदान आता कुणीच ठामपणे करू शकत नाही. कसली तपासणी झाली नव्हती, आणि त्या काळी त्या गावातून ती होण्यासारखीही नव्हती. पण माझ्या ओळखीच्या एका मेंदुविकारतज्ज्ञांना ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी मध्येच थांबवून एवढेच विचारले, "पहिल्या वेळी दुखणे पूर्ण थांबले होते का?" थांबले होते, असे मी म्हटल्यावर ते म्हणाले, "ते थांबतंच पुष्कळदा. म्हणूनच ते घरी राहतात."

त्यांनी जे समजावले ते थोडक्यात असे. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक वर्तुळ असते. सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य टॉमस विलिस यांच्या नावाने ते ओळखले जाते. या वर्तुळात जिथे धमन्यांना फाटे फुटतात तिथे रक्ताच्या प्रवाहाचा मारा सतत बसतो, आणि काही माणसांत तिथली भिंत कमकुवत होऊन फुग्यासारखी बाहेर येते. असे फुगे कित्येकांच्या डोक्यात आयुष्यभर गुपचूप राहतात. एखादा फुटतो. फुटला की रक्त मेंदूच्या भोवतीच्या आवरणाखाली पसरते. या आवरणाला आपल्या शास्त्रीय परिभाषेत 'जालतानिका' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दात कोळ्याच्या जाळ्याची प्रतिमा आहे आणि मराठी प्रतिशब्द करणाऱ्यांनी ते जाळे नेमके टिकवले आहे. धमनीच्या दाबाने रक्त या जागेत शिरते आणि कवटीच्या आतला दाब क्षणात वाढतो. कडकडाट होतो तो यामुळे. म्हणूनच उलटी होते, म्हणूनच काही जण काही क्षण बेशुद्ध पडतात. पोटाचा आणि पित्ताचा त्यात काहीही संबंध नसतो.

पुढचा भाग अधिक फसवा आहे. चिरेवर रक्ताची गुठळी बसते आणि गळती थांबते. कधी पहिली गळती अगदीच थोडी असते. वेदना ओसरते. लेप लावलेला असेल तर लेपाने गेली असे वाटते, गोळी घेतलेली असेल तर गोळीने. डॉक्टर म्हणूनच सांगतात की वेदनाशामकाने बरे वाटले हा निर्धोकपणाचा पुरावा मानायचा नाही. रक्तस्रावाची डोकेदुखीही गोळीला दाद देते. पण ती गुठळी म्हणजे फुटक्या घागरीला लावलेला मेणाचा तुकडा. तो पुन्हा निघू शकतो, आणि दुसरा रक्तस्राव बहुधा पहिल्याहून घातक असतो. हा धोका पहिल्या चोवीस तासांत, त्यातही पहिल्या काही तासांत, सर्वांत अधिक असतो आणि पुढच्या दिवसांतही तो संपत नाही. 'आजचा दिवस पाहू, उद्या दाखवू' या अत्यंत समंजस वाटणाऱ्या वाक्यात नेमका तोच दिवस खर्ची पडतो.

मानेचेही तसेच आहे. 'मान ताठ झाली तर गंभीर' हे अर्धवट ज्ञान आता बऱ्याच जणांना असते. मान ताठ होते ती सांडलेल्या रक्ताने आवरणे चिडल्यामुळे, आणि त्याला काही तास लागतात. म्हणजे कळ आल्यावर पाचव्या मिनिटाला हनुवटी छातीला टेकते म्हणून निश्चिंत होणे चुकीचे, आणि दुसऱ्या दिवशी ती टेकेनाशी झाल्यावर 'उशी वर-खाली झाली असेल' म्हणून तेल चोळणे त्याहून चुकीचे.

घरगुती उपचारांची ही निंदा नव्हे. ज्या परंपरेच्या नावाने आपण ते करतो तिनेही सगळी डोकेदुखी एका माळेत ओवलेली नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग वेगवेगळे सांगितले आहेत, आणि त्यांतल्या 'शंखक' नावाच्या रोगाविषयी आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत तीन रात्रींत प्राण घेणारा असा इशारा आहे. शंखक म्हणजे आजचा अमुक रोग, असली समीकरणे मांडण्याचा मोह मी टाळते. मुद्दा इतकाच की लेप उगाळण्याआधी हे कोणते दुखणे आहे, असा प्रश्न त्या वैद्यांनाही पडत होता. तो प्रश्न गळून पडला आणि लेप तेवढा आपल्याकडे उरला.

मावशीच्या हकिकतीनंतर तीन दशकांहून अधिक काळाने हेच सारे मला आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात जवळून पाहायला मिळाले. आमच्या इतिहास विभागातले एक सहकारी, वय अठ्ठेचाळीस, कपाटावरचा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा खाली काढत होते. तासाची घंटा वाजू लागली. आमच्याकडची घंटा अजून शिपाई हाताने वाजवतो, पंधरा-वीस टोले होतात. घंटा सुरू झाली तेव्हा ते बोलत होते. ती संपली तेव्हा दोन्ही हातांनी मागून डोके धरून खुर्चीवर बसले होते आणि चेहरा पांढरा पडला होता. अकरा वाजून दहा मिनिटे.

पुढच्या दहा मिनिटांत त्या खोलीत साऱ्या महाराष्ट्राचे वैद्यकशास्त्र एकवटले. उलटी झाल्याबरोबर "सर, पित्त उसळलंय, आता बरं वाटेल" असे एकजण म्हणाले. ग्रंथपालांनी बामची बाटली पुढे केली. कुणी लिंबू-सरबत मागवले. एकाने पाकिटातून ॲस्पिरिनची गोळी काढली. त्यांना अर्धशिशीचा जुना त्रास आहे हे सर्वांना ठाऊक होते, त्यामुळे निदान जवळजवळ एकमताने ठरले होते. तेव्हा स्वतः सरच डोळे मिटून म्हणाले, "ही माझी नेहमीची नाही." आणि प्राणिशास्त्राच्या आमच्या ज्येष्ठ बाई, ज्या एरवी कुणाच्या बोलण्यात पडत नाहीत, त्यांनी विचारले, "सर, हळूहळू वाढलं की एकदम?" ते म्हणाले, "एकदम. घंटेसारखं." बाईंनी गोळी त्या सहकाऱ्याच्या हातातून काढून घेतली आणि 108 ला फोन लावायला सांगितले.

बाईंनी केलेल्या प्रत्येक गोष्टीला कारण होते, हे मला नंतर कळले. ॲस्पिरिनने रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. जिथे एका गुठळीवर जीव टांगलेला असू शकतो तिथे ती गोळी देणे धोक्याचे. सरबत नाकारले, कारण उलट्या होत असलेल्या आणि केव्हाही गुंगीत जाऊ शकणाऱ्या माणसाच्या घशात काही ओतले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते, शिवाय पुढे भूल द्यावी लागली तर पोट रिकामे हवे. त्यांना एका कुशीवर निजवले. 'मी स्कूटरवर सोडतो' म्हणणाऱ्याला थांबवले. कोणत्या रुग्णालयात न्यायचे यावर वाद झाला. जवळचे एक होते, पण तिथे सीटी स्कॅनची सोय नव्हती. बाईंचे म्हणणे असे की ज्याला स्कॅन हवा आहे त्याला स्कॅन नसलेल्या ठिकाणी नेणे म्हणजे एक तास वाया घालवणे. आणि एका कागदावर त्यांनी '11.10' असे लिहून तो सरांच्या खिशात ठेवला.

रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांनी पहिल्यांदा तोच कागद पाहिला. मग त्यांनी भराभर विचारले: किती वेळात शिगेला पोहोचले, तेव्हा काय करत होते, शुद्ध हरपली का, मान दुखते का, वय काय. पुढे कधीतरी मला समजले की हे प्रश्न आपल्या मनाचे नव्हते. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका नियमात हीच लक्षणे आहेत: वय चाळीस किंवा अधिक, मानदुखी किंवा मानेचा ताठरपणा, कुणाच्या देखत शुद्ध हरपणे, श्रमाच्या वेळी सुरुवात, कडकडाटासारखी वेदना, आणि तपासताना मान पुढे न वाकणे. नव्या, तीव्र आणि तासाभरात शिगेला पोहोचलेल्या डोकेदुखीच्या सावध रुग्णात या सहांपैकी एकही नसेल तरच डॉक्टर रक्तस्राव नाही असे पुढील तपासणीशिवाय मानू शकतात. एक जरी असेल तरी तपासणी हवी. नियम डॉक्टरांसाठी आहे, घरी बसून गुण मोजण्यासाठी नाही. तरी त्यातला पहिला निकष वाचून मी जराशी दचकले. स्टाफरूममधले आम्ही निम्म्याहून अधिक लोक केवळ जन्मतारखेच्या बळावर त्यात बसतो.

स्कॅन एकच्या सुमारास झाला. येथेही घड्याळाला महत्त्व आहे. पहिल्या सहा तासांत आधुनिक यंत्रावर केलेला आणि जाणत्याने वाचलेला सीटी स्कॅन असा रक्तस्राव क्वचितच चुकवतो. जसजसा वेळ जातो तसतसे रक्त विरघळते आणि चित्रातून पुसट होत जाते. मग स्कॅन स्वच्छ दिसला तरी पाठीच्या कण्यातून पाणी काढून पाहावे लागते. साधारण बारा तासांनंतर त्यात विघटित रक्ताचा पिवळसर रंग सापडतो. सरांच्या बाबतीत तिथवर जावे लागले नाही. डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीला पडद्यावर चित्र दाखवले तेव्हा मी शेजारी होते. मेंदूच्या तळाशी जिथे काळोख असायला हवा तिथे पांढरी चांदणी उमटली होती. इतकी सुबक की क्षणभर ती वाईट बातमी आहे हे ध्यानातच आले नाही. रक्तवाहिन्यांच्या दुसऱ्या स्कॅनमध्ये पुढच्या बाजूच्या दोन धमन्यांना जोडणाऱ्या आखूड वाहिनीवर सहा मिलिमीटरचा फुगा सापडला.

त्यांच्या पत्नीला तेव्हा आठवले की दहा-बारा दिवसांपूर्वी पायऱ्या चढताना असेच एकदा 'डोक्यात काहीतरी चमकले' असे ते म्हणाले होते. तासाभरात बरे वाटले होते. तो आधीचा लहान स्राव होता की नाही हे सांगता येणार नाही, पण डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहून घेतले.

रक्तदाब औषधाने आटोक्यात ठेवून दुसऱ्या दिवशी जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेली आणि त्या फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरून तो आतून बंद केला. कवटी उघडावी लागली नाही. सगळ्यांनाच हा मार्ग चालतो असे नाही. फुग्याच्या आकारावर आणि जागेवर ते ठरते, काहींना शस्त्रक्रियेने बाहेरून चिमटा लावावा लागतो. आम्हाला वाटले संपले. संपले नव्हते. रक्तस्रावानंतर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान मेंदूतल्या धमन्या आकसू शकतात आणि रक्ताविना मेंदूचा एखादा भाग मरू शकतो. त्यासाठी निमोडिपिन नावाची साठ मिलिग्रॅमची मात्रा दर चार तासांनी, रात्रीदेखील उठवून, एकवीस दिवस देतात. सातव्या दिवशी सर असंबद्ध बोलू लागले. पत्नीला बहिणीच्या नावाने हाक मारू लागले. दोन दिवस फार कठीण गेले. मग ते हळूहळू परतले.

रुग्णालयात बसल्या बसल्या मी एमिलिया क्लार्क या इंग्रज अभिनेत्रीचा 2019 साली 'न्यूयॉर्कर'मध्ये आलेला लेख वाचला. तिला 2011 मध्ये, चोवीस वर्षांची असताना, लंडनमध्ये व्यायाम करताना हाच आजार झाला. व्यायामशाळेच्या स्वच्छतागृहात ओकत असताना स्मृती शाबूत राहावी म्हणून ती आपल्या भूमिकेचे संवाद आठवून पाहत होती, आणि उपचारानंतर काही दिवस तिला स्वतःचे नाव सांगता येत नव्हते. वाचा परतली, तिचे कामही पुढे सुरू राहिले. माझ्या दृष्टीने त्या लेखातली महत्त्वाची बाब वेगळी आहे: चोवीसाव्या वर्षी, उत्तम प्रकृतीत, हे होऊ शकते. 'या वयात कसले मेंदूचे दुखणे' हा युक्तिवाद विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातही टिकत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अशा एकदम कोसळणाऱ्या डोकेदुखीच्या बहुसंख्य रुग्णांत शेवटी रक्तस्राव सापडत नाही. काहींत धमन्या तात्पुरत्या आकसलेल्या निघतात, काहींत मानेतली धमनी आतून चिरलेली, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीत कधी मेंदूच्या शिरेतली गुठळी. आणि पुष्कळांत काहीच नाही. ते रुग्ण थोडे ओशाळून घरी जातात. डॉक्टरांच्या मते त्यात ओशाळण्यासारखे काही नसते, कारण दाराशी उभे राहून या साऱ्यांतला फरक तेही सांगू शकत नाहीत. उलट वेदना एकदम आलेली नसली तरी डोकेदुखीबरोबर एक पापणी झुकणे, एकाएकी दोन-दोन दिसणे, बोबडे बोलणे, हात-पाय लुळा पडणे, आकडी येणे, किंवा ताप, ताठ मान आणि गुंगी एकत्र दिसणे यांपैकी काही आले तर तिथेही वाट पाहण्यासारखे काही उरत नाही.

सर चार महिन्यांनी वर्गावर परतले. तिसऱ्या तासानंतर ते थकतात, विद्यार्थ्यांची नावे विसरतात, सनावळी मात्र शाबूत आहे. सिगारेट सुटली आहे, कारण रक्तदाब आणि तंबाखू या दोन गोष्टी असे फुगे फोडतात असे त्यांना दोनदा बजावले गेले. अर्धशिशी अजून येते. पहिल्यांदा आली तेव्हा ते घाबरून तपासणीला गेले. डॉक्टरांनी त्यांना किती वेळात वाढली ते विचारले. दुपारपासून हळूहळू, असे त्यांनी सांगितले. मग अंधार करून पडा, डॉक्टर म्हणाले, आणि बाम लावायचा असेल तर लावा.